पाच फूट अकरा इंच तीन सूत: टेपच्या फोटोवरून सेंटीमीटर काढताना

सातारच्या घरी आईबाबांच्या खोलीत भिंत आणि कॉलम यांच्यामध्ये एक मोकळी जागा आहे. तिथे कपाट बसवायचं ठरलं. मी पुण्यात, जागा साताऱ्यात, आणि कपाट बनवून देणाऱ्यांच्या फॉर्मवर रुंदी, उंची, खोली हे तिन्ही रकाने सेंटीमीटरमध्ये. भाच्याने टेप लावून फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, "मामा, ५.११ आहे. वर थोडं जास्त."

या एका ओळीतून फॉर्मवर लिहिण्याजोगा आकडा कसा काढायचा, ते इथे त्याच जागेच्या मापांवरून सांगतो. गुणाकार सोपा आहे. चूक बहुतेक वेळा त्याच्या आधी होते, फोटो वाचताना आणि माप लिहून घेताना. म्हणून जास्त वेळ तिथेच घालवू.

आधी माप बोलायचं कसं ते ठरवा

एका फुटाचे १२ इंच आणि एका इंचाचे आठ सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आपल्याकडचे सुतार याच भाषेत बोलतात, आणि फोटो वाचायलाही ती सोयीची आहे. पाव इंच म्हणजे दोन सूत, अर्धा इंच म्हणजे चार, पाऊण इंच म्हणजे सहा. टेपवर इंचाचे सोळा भाग असतील तर सगळ्यात छोट्या दोन रेघांमधलं अंतर अर्धा सूत होतं.

माप नेहमी तीन वेगळ्या आकड्यांत लिहा: फूट, इंच, सूत. "५ फूट ११ इंच ३ सूत" असं पूर्ण. मध्ये टिंब देऊ नका. भाच्याचं "५.११" मला कळलं, पण कॅल्क्युलेटरला ते कळणार नाही. ५ फूट ११ इंच म्हणजे १८०.३४ सेंमी. तेच ५.११ फूट म्हणून टाकलं तर उत्तर येतं १५५.७५. साडेचोवीस सेंटीमीटरचा फरक असल्यामुळे ही चूक निदान लगेच दिसते. खरा धोका "५.५" मध्ये आहे. कोणी ते पाच फूट पाच इंच म्हणून लिहितं, कोणी साडेपाच फूट म्हणून. पहिलं १६५.१ सेंमी, दुसरं १६७.६४. दोन्ही आकडे पटण्यासारखे वाटतात आणि फरक बरोबर एका इंचाचा, म्हणून तो कोणाच्या लक्षात येत नाही. असं माप आलं तर अंदाज बांधू नका, फोन करून विचारा. तोंडी सांगताना "सव्वापाच फूट", "पावणेसहा फूट" हे चालतं, कारण त्याचा अर्थ एकच निघतो: ५ फूट ३ इंच आणि ५ फूट ९ इंच.

फोटो कसा हवा ते समोरच्याला सांगा

भाच्याच्या पहिल्या फोटोत टेपचं शेवटचं टोक भिंतीच्या कोपऱ्यात वर वळलं होतं. दोन भिंतींच्या आतलं माप घेताना हे हमखास होतं. पट्टी कोपऱ्यात कमान करते आणि भिंत नक्की कोणत्या रेघेवर आहे ते फोटोतच काय, प्रत्यक्षातही सुतापर्यंत सांगता येत नाही. टेपची डबी भिंतीला टेकवून तिच्यावर छापलेली लांबी मिळवायची, हा एक मार्ग आहे. पण ती लांबी प्रत्येक डबीवर वेगळी असते आणि ती मिळवली की नाही हे फोटो पाहून कळत नाही.

त्याला मी दुसरी रीत सांगितली. डाव्या भिंतीला टेपची आकडी टेकव, बरोबर ३ फुटांवर भिंतीवर पेन्सिलने उभी रेघ मार. मग उजव्या भिंतीला आकडी टेकव आणि त्याच रेघेपर्यंतचं माप घे. आता दोन्ही वेळा पट्टी सपाट राहते, कोपऱ्यात वळत नाही, आणि फोटो काढायचा तो रेघेजवळचा. उजवीकडून माप आलं २ फूट ११ इंच ३ सूत. त्यात डावीकडचे ३ फूट मिळवले की ५ फूट ११ इंच ३ सूत.

आकडी थोडी सैल असते, मागेपुढे सरकते. ती मोडलेली नाही, मुद्दाम तशी बसवलेली असते. भिंतीला टेकवली की ती आत दाबली जाते, टेबलाच्या कडेला अडकवून ओढली की बाहेर येते. स्वतःच्या जाडीइतकंच सरकून ती दोन्ही वेळा शून्य योग्य जागी आणते. म्हणून तिला चिकटपट्टी लावून घट्ट करू नये. आकडी वाकलेली असेल किंवा टेप दहा वेळा खाली पडलेला असेल, तर काही जण शून्याऐवजी १ इंचाच्या रेघेपासून मोजतात. रीत चांगली आहे, पण शेवटी तो एक इंच वजा करावा लागतो. फोटोबरोबर "शून्यापासून" की "एकपासून" एवढं लिहायला सांगा.

आता कॅमेरा. टेपची पट्टी आडवी गोलसर असते, त्यामुळे तिची कड भिंतीपासून थोडी उचललेली राहते. फोन बाजूने तिरका धरला तर कडेवरची रेघ आणि मागची पेन्सिलची रेघ एकमेकींपासून सरकलेल्या दिसतात. कड ५ मिलिमीटर उचललेली असेल आणि फोन ३० अंश तिरका असेल, तर हे सरकणं जवळजवळ ३ मिलिमीटर होतं. म्हणजे पुरतं एक सूत. फोटो स्पष्ट, आकडे ठळक, आणि तरीही वाचन एका सुताने चुकीचं. उपाय साधा आहे: अंगठ्याने पट्टीची कड भिंतीवर दाबायची, फोन बरोबर रेघेसमोर सरळ धरायचा, आणि अगदी जवळ न जाता हातभर लांबून झूम करून फोटो घ्यायचा.

प्रत्येक मापाचे दोन फोटो मागवा. एक रेघेजवळचा, आणि एक थोडा लांबून, ज्यात आधीची फुटाची खूण आणि टेपचा बराच भाग दिसेल. दुसरा फोटो कशासाठी, ते आता लगेच कळेल.

फोटो वाचणं

पहिला प्रश्न: हा टेप इंच कसे मोजतो? काही टेपवर इंच सलग वाढत जातात: १२, १३, १४, थेट ७१ पर्यंत. काहींवर प्रत्येक फुटानंतर इंच पुन्हा १ पासून सुरू होतात आणि फुटाच्या जागी 1F, 2F असं लाल किंवा ठळक छापलेलं असतं. दुसऱ्या प्रकारच्या टेपचा फक्त जवळचा फोटो आला तर "११" दिसतं, पण ते चौथ्या फुटानंतरचं की पाचव्या, ते कळत नाही. म्हणून लांबून घेतलेला फोटो लागतो. टेप सलग इंचांचा असेल तर त्याचे फूट करण्याच्या भानगडीत पडू नका. ७१ इंच दिसतात तर ७१ च लिहा. पुढे आपल्याला इंचच लागणार आहेत.

परदेशातून आणलेला टेप असेल तर आणखी एक गोष्ट बघा. अमेरिकी टेपवर दर १६ इंचांना लाल खूण असते. तिथल्या घरांमध्ये भिंतीतले लाकडी उभे खांब साधारण त्या अंतरावर असतात, त्यांच्यासाठी ती असते. ती फुटाची खूण नव्हे.

दुसरा प्रश्न: आकडे कोणत्या दिशेने वाढतात? उजव्या भिंतीपासून मोजलेल्या टेपच्या फोटोत आकडे बहुतेक उलटे असतात. वाचण्यासाठी फोटो फिरवा, आणि मगच रेघा मोजा. सूत नेहमी लहान आकड्याकडून मोठ्या आकड्याकडे मोजायचे. उलट बाजूने मोजले तर ३ सुतांचे ५ सूत होतात आणि ५ चे ३. पाव इंचाची, म्हणजे सव्वासहा मिलिमीटरहून थोडी जास्त चूक तिथेच होते. ६ आणि ९ ची अदलाबदलही उलट्या फोटोतच होते. शेजारचे आकडे पाहिले की ती कळते. समोरच्या कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोत आकडे आरशासारखे दिसत असतील तर तो फोटो वापरू नका, नवा मागवा.

तिसरं म्हणजे प्रत्यक्ष सूत. एकेक रेघ मोजत बसू नका, मोजताना नजर चुकते. दोन इंचांच्या मधोमध सगळ्यात लांब रेघ असते, तो अर्धा इंच, चार सूत. तिच्या दोन्ही बाजूंना त्याहून थोड्या आखूड रेघा पाव आणि पाऊण इंचाच्या, म्हणजे दोन आणि सहा सुतांच्या. आपली पेन्सिलची रेघ यांपैकी कोणाच्या जवळ आहे ते आधी ठरवा आणि तिथून एखादा सूत पुढे की मागे ते पाहा. आमच्या फोटोत ती अर्ध्या इंचाच्या एक सूत अलीकडे होती, म्हणून तीन सूत. रेघ दोन खुणांच्या मधे पडत असेल तर मोकळ्या जागेचं माप घेताना लहान बाजूची खूण धरा.

गुणाकार

१ इंच म्हणजे बरोबर २.५४ सेंमी. हा अंदाज नाही, १९५९ पासून इंचाची व्याख्याच अशी आहे. त्यामुळे पुढच्या हिशेबात काहीही "सुमारे" होत नाही.

सगळ्याचे आधी इंच करायचे आणि शेवटी एकदाच २.५४ ने गुणायचं. ५ फुटांचे ६० इंच, त्यात ११, झाले ७१. तीन सूत म्हणजे ३ भागिले ८, म्हणजे ०.३७५ इंच. एकूण ७१.३७५ इंच. गुणिले २.५४, उत्तर १८१.२९२५ सेंमी.

फूट वेगळे, इंच वेगळे, सूत वेगळे बदलून प्रत्येक ठिकाणी पूर्णांक करत गेलात तर चूक साठत जाते. फूट ३० सेंमीचा धरला तर पाच फुटांतच जवळजवळ अडीच सेंटीमीटर गायब होतात. म्हणून मधे कुठेही आकडा गोल करू नका.

मापं पुष्कळ असतील तर स्प्रेडशीटमध्ये फूट, इंच, सूत यांचे तीन रकाने करा आणि चौथ्यात हे लिहा:

```
=(A2*12+B2+C2/8)*2.54
```

सूताच्या रकान्यात फक्त ३ लिहायचं. तिथे 3/8 असं टाइप केलं तर स्प्रेडशीट त्याची तारीख करून टाकते आणि उत्तर भलतंच येतं. अर्धा सूत असेल तर ३.५ लिहा, सूत्र तेच चालतं.

हाताने पडताळायचं असेल तर एक सोपी खूण लक्षात ठेवा: ६ फूट म्हणजे १८२.८८ सेंमी. आपलं माप सहा फुटांना पाच सूत कमी आहे, पाच सूत म्हणजे साधारण १.६ सेंमी. १८२.९ मधून १.६ गेले, उरले १८१.३. हिशेब जुळला.

टेपची दुसरी कड सेंटीमीटरची असते, मग हा खटाटोप कशाला, असं कोणीही विचारेल. ती कड फोटोत दिसत असेल तर जरूर वाचा. पण मोजताना इंचाची कड रेघेला लागलेली असते आणि सेंटीमीटरची कड पट्टीच्या रुंदीइतकी लांब असते, त्यामुळे तिरक्या फोटोत ती जास्त फसवते. मी ती पडताळणीसाठी वापरतो. हिशेबाचं उत्तर १८१.३ आणि फोटोत सेंटीमीटरची कड १८१ च्या जरा पुढे दाखवत असेल तर वाचन बरोबर. दोन भागांत मोजलं असेल तर ही पडताळणी एकेका भागाची करावी लागते. २ फूट ११ इंच ३ सूत म्हणजे ८९.८५ सेंमी, आणि फोटोत दुसऱ्या कडेवर ९० च्या किंचित अलीकडे दिसलं पाहिजे.

एकाच मापावर थांबू नका

हे पाच फूट अकरा इंच तीन सूत स्कर्टिंगच्या जरा वर घेतलेलं होतं. भाच्याचं "वर थोडं जास्त" डोक्यात होतं, म्हणून त्याच रीतीने कमरेच्या उंचीवर आणि वर हात पोहोचेल तिथेही माप घ्यायला सांगितलं. हाती आलं ते असं:

खाली, स्कर्टिंगच्या वर: ५ फूट ११ इंच ३ सूत, १८१.२९ सेंमी
कमरेच्या उंचीवर: ५ फूट ११ इंच १ सूत, १८०.६५ सेंमी
वर: ५ फूट १० इंच ७ सूत, १८०.०२ सेंमी

म्हणजे वर जास्त नव्हतं, कमी होतं. पहिल्यांदा पट्टी कोपऱ्यात वळल्यामुळे त्याला तसं वाटलं असावं. भिंतीचं प्लास्टर वर-खाली सव्वा सेंटीमीटरने वेगळं असणं यात नवल नाही. पण दोन मापांत अडीच सेंटीमीटरच्या आसपास फरक दिसला तर आधी भिंतीवर नव्हे, वाचनावर संशय घ्या. २.५ म्हणजे एक इंच चुकला, ३०.५ म्हणजे एक फूट चुकला, ०.६ असेल तर सूत उलट्या बाजूने मोजले गेले असतील. फरकाचा आकडाच चूक कुठे झाली ते सांगतो.

या तीन मापांवरून १८० सेंमीचं तयार कपाट जेमतेम बसेल असं कोणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. मग भाच्याला म्हटलं, स्कर्टिंगपासून स्कर्टिंगपर्यंत मोज. ते निघालं ५ फूट १० इंच ५ सूत. ७०.६२५ गुणिले २.५४, म्हणजे १७९.३८७५ सेंमी. कपाट जमिनीवर उभं राहतं, आणि जमिनीलगतच जागा सगळ्यात अरुंद आहे. १८० चं कपाट तिथे शिरलंच नसतं.

फॉर्मवर लिहायचा आकडा

आता आकडा गोल करायचा, आणि तो कोणत्या दिशेने हे महत्त्वाचं. शाळेत शिकलेला नियम १७९.३८७५ चे १७९.४ करतो. जागेच्या मापाला तो लावू नका. ज्या जागेत वस्तू शिरायची आहे तिचं माप नेहमी खाली आणायचं: १७९.३, किंवा फॉर्म पूर्ण सेंटीमीटरच घेत असेल तर १७९. याच्या उलट, असलेल्या वस्तूवर काही बसायचं असेल, उदाहरणार्थ जुन्या फ्रिजभोवती कपाटाची चौकट, तर फ्रिजचं माप वर न्यायचं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे फॉर्म जागेचं माप मागतोय की कपाटाचं. नुसतं "रुंदी" लिहिलेलं असेल तर विचारा. जागेचं माप मागत असतील तर १७९.३ लिहायचं आणि फट किती सोडायची ते बनवणारे ठरवतात. कपाटाचं मागत असतील तर फट आपल्याला सोडायची आहे. दोन्ही बाजूंना मिळून निदान दोन सेंटीमीटर मी सोडतो, कारण कपाट आत सरकवताना ते किंचित तिरकं होतंच. आम्ही कपाटाची रुंदी १७७ लिहिली आणि शेरा टाकला: "जागा स्कर्टिंगपाशी १७९.३ सेंमी, वर १८०." दोन्ही आकडे डोळ्यांसमोर असले की बनवणाऱ्याला एखादी गडबड लक्षात येण्याची संधी मिळते.

खोलीच्या मापात विशेष काही नव्हतं. कॉलम २ फूट १ सूत पुढे आला आहे, म्हणजे ६१.२७ सेंमी, आणि कपाट ६० चं.

उंचीने मात्र थोडा विचार करायला लावला. फरशीपासून छतापर्यंत ८ फूट १० इंच २ सूत, म्हणजे १०६.२५ इंच, २६९.८७ सेंमी. आईला कपाट छतापर्यंत हवं होतं, वर धूळ बसू नये म्हणून. २६५ सेंमीचं कपाट कागदावर बसतं. पण जोडणारे लोक असं कपाट बहुतेक वेळा जमिनीवर आडवं जोडतात आणि मग उभं करतात. उभं करताना त्याचा तिरका कोपरा छताखालून जावा लागतो. २६५ चा वर्ग अधिक ६० चा वर्ग, त्याचं वर्गमूळ २७१.७. छत २६९.८ वर. कपाट मधेच अडकलं असतं. म्हणून २४० चं मुख्य कपाट घेतलं आणि वरच्या जागेत बसणारा वेगळा खण सांगितला. २४० चा तिरका कोपरा २४७.४ सेंमीचा, तो आरामात फिरतो.

फॉर्म पाठवण्याआधी सगळी मापं दोन्ही भाषांत एकाखाली एक लिहून भाच्याला पाठवली: "५ फूट १० इंच ५ सूत = १७९.३ सेंमी, स्कर्टिंग ते स्कर्टिंग, शून्यापासून." त्याने टेपची सेंटीमीटरची कड भिंतीला लावून तेवढं एक माप पुन्हा घेतलं. डावीकडून रेघेपर्यंत ९०.५, उजवीकडून ८८.९. बेरीज १७९.४. मग मी ऑर्डर पाठवली.